पेडल मारताना कुठला स्नायू कधी लागतोय आणि सीट वरखाली केली की काय बदलतंय

चढाला गुडघा बोलायला लागला की आपल्याकडं सल्ला ठरलेला असतोय, मांडीत दम नाही तुझ्या, बैठका मार. नाहीतर नीकॅप घाल. सीटकडं कोण बघतच नाही. सकाळी राकसकोपच्या नाहीतर जांबोटीच्या रोडला उभं राहून येणारे जाणारे बघा, बऱ्याच जणांची सीट सरळसरळ खाली असते, कारण दुकानात सायकल घेताना "बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात काय" एवढंच बघून ती लावलेली असते आणि मग वर्षानुवर्षं तिथंच राहते. पाय टेकणं ही थांबतानाची सोय झाली, त्याचा आणि पेडल मारण्याचा काही संबंध नाही. सीट किती वर पाहिजे हे ठरवायचं तर आधी पाय फिरताना आत काय चाललेलं असतंय ते कळायला पाहिजे, म्हणून पहिल्यांदा स्नायू आणि मग पाना.

आधी घड्याळ लावून घ्या

सायकलच्या चेनच्या बाजूनं, म्हणजे उजव्या बाजूनं बघायचं. सायकल उजवीकडं चालली आहे, क्रँक, म्हणजे पेडल ज्याला लागलेलं असतंय तो दांडा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय. पेडल एकदम वर असलं की बारा वाजले, पुढं आडवं आलं की तीन, एकदम खाली सहा, मागं आडवं नऊ. पुढं सगळीकडं हेच घड्याळ धरून लिहितोय. डाव्या पायाचं पण हेच, फक्त तो सहा तास मागं असतोय.

बारा ते पाच, खरी कमाई इथंच

साडेअकरा-बाराच्या सुमाराला कुल्ल्याचा मोठा स्नायू, ज्याला जिमवाले ग्लूट म्हणतात, तो जागा होतो आणि मांडी खाली ढकलायला लागतो. मांडीच्या पुढचे स्नायू, क्वाड्स, त्याच्याही आधी तयार असतात, पेडल वर चढत असताना दहा-अकराच्या आसपासच ते चालू झालेले असतात आणि त्यांचं काम गुडघा सरळ करणं. हे दोघं मिळून तीन वाजेपर्यंत जोर वाढवत नेतात, आणि तीनच्या आसपास, जरा पुढंच, क्रँकवर सगळ्यात जास्त पीळ बसतो, कारण तिथं तुम्ही खाली दाबताय आणि क्रँक पण खालीच जातोय, जोर कुठं वाया जात नाही. चार-साडेचारपर्यंत दोघंही बऱ्यापैकी विझलेले असतात. म्हणजे मांडीचा पुढचा भाग सहा वाजेपर्यंत जोर लावत नाही, पुष्कळ जणांना हे खरं वाटत नाही, पण सहाला पेडल आडवं मागं सरकत असतंय, तिथं खाली दाबून फक्त पेडलवर उभं राहिल्यासारखं होतंय, चाक त्यानं फिरत नाही.

मग तीन ते सात कोण बघतंय? मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग. यांची गंमत आहे. हे बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला जाऊन चिकटलेले असतात, म्हणजे दोन सांध्यांवरून जातात, कमरेचा सांधा आणि गुडघा. गुडघा वाकवणं हे त्यांचं काम असं आपण शाळेत शिकलो, पण पेडल खाली जाताना गुडघा सरळ होत असतोय आणि तरी हे चालूच असतात. कारण त्या वेळी ते वरच्या टोकाला काम करतात, मांडी मागं खेचून कुल्ल्याच्या स्नायूला मदत करतात, आणि पाचच्या पुढं पेडल मागं ओढायचं काम पण त्यांच्याच वाट्याला येतं. दोन सांध्यांवरून जाणारा हा स्नायू लक्षात ठेवा, सीट वर गेली की पहिली तक्रार हाच करतो.

पोटरीबद्दल एक गैरसमज काढून टाकूया. पोटरी फार ताकद तयार करत नाही. ती बाराच्या आसपास चालू होते, आतला रुंद स्नायू आधी जोरात येतो आणि वरचा फुगीर त्याच्या थोडा मागून, आणि सहाच्या पुढंपर्यंत पोटरीचं काम चालू राहतं. तिचं मुख्य काम घोटा घट्ट धरून ठेवायचं. कुदळीचा दांडा ढिला असला की घाव जमिनीत न जाता हातातच हलतो, तसं घोटा सैल असला तर मांडीनं लावलेला जोर पेडलला न जाता टाच खाली दबण्यात जातो. म्हणून लांब राईडनंतर पोटरी दुखत असेल तर पोटरी कमजोर आहे असं लगेच धरू नका, तिला धरून ठेवायला किती अवघड केलंय ते बघा.

सहा ते बारा, इथं ओढाओढ नको

वर येणाऱ्या पायात नडगीच्या पुढचा स्नायू पंजा वर उचलतो, जांघेतला आतला स्नायू मांडी उचलतो, आणि मांडीच्या पुढचा मधला लांब स्नायू, तो पण दोन सांध्यांवरून जाणारा, मांडी उचलायला हातभार लावतो आणि बाराच्या पुढं गेला की लगेच गुडघा सरळ करायच्या कामाला लागतो. एवढंच. बाकी वर येणारा पाय मुख्यतः दुसऱ्या पायाच्या जोरावर वर येतो. चांगल्या चांगल्या सायकलिस्टचा पण वर येणारा पाय बऱ्याच वेळा पेडलवर थोडा वजन टाकूनच असतो, फरक एवढाच की त्यांचं ते वजन कमी असतंय. "गोल फिरव, वर ओढ" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, क्लीटवाले, म्हणजे पेडलला अडकणारे शूज घेतले की तर हमखास, पण सतत जाणूनबुजून वर ओढलं तर त्याच वेगाला श्वास जास्त लागतो, कारण लहान स्नायूंना मोठ्यांचं काम दिलं जातंय. स्प्रिंटला नाहीतर चार पेडलांच्या खड्या चढाला ओढा, रोजच्या राईडला फक्त पाय हलका ठेवा, दुसऱ्या पायाला त्याचं ओझं होऊ नये एवढं बघा. चप्पल घालून साध्या पेडलवर चालवणाऱ्याला वर ओढायचा प्रश्नच येत नाही आणि त्याचं काही अडत पण नाही.

सीट खाली असली की

आता मुद्द्यावर. सीट बदलून तुम्ही स्नायूंचा क्रम फारसा बदलत नाही, बारा-तीन-सहाची पाळी तीच राहते. बदलतंय ते हे की प्रत्येक स्नायू किती ताणलेल्या अवस्थेत काम करणार आणि कुठल्या सांध्यावर किती भार येणार. सीट खाली गेली की कामाचा वाटा गुडघ्याकडं सरकतो, वर गेली की घोट्याकडं.

खाली असली तर बाराला गुडघा जास्त घडी होतो आणि जिथं जोर लावायचा तिथं, दोन-तीनला, तो अजून बऱ्यापैकी वाकलेलाच असतो. वाकलेल्या गुडघ्यावर क्वाड्सनी जोर लावला की गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. सपाटीला हे जाणवत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला, नाहीतर चोर्ल्याहून परत वर येताना, जिथं पेडल हळू फिरतंय आणि प्रत्येक दाबाला जोर लागतोय, तिथं वाटीच्या आजूबाजूला, नाहीतर वाटीच्या खालच्या कडेला दुखायला लागतं. दुसरी खूण म्हणजे मांडीचा पुढचा भाग राईडच्या पहिल्या भागातच पेटतो आणि कुल्ला, मांडीचा मागचा भाग काहीच केलं नाही असा ताजातवाना राहतो. तिसरी खूण, तुम्ही आपोआप सीटच्या मागच्या टोकाला सरकून बसताय, नाहीतर सारखं उभं राहून चालवावंसं वाटतंय. शरीर स्वतःच पायाला लांबी शोधत असतंय.

सीट जास्त वर गेली की

उलट टोक पण तेवढंच वाईट, आणि हे सहसा यूट्यूब बघून सीट वर करणाऱ्यांचं होतंय. पेडल खाली सहाला पोचायला पाय पुरत नाही, मग पाय आधी घोट्यातून लांबी काढतो, बोटं खाली टाच वर. पोटरीला आता आखूड होऊन घोटा धरायचा आणि पेडल तळातून मागं पण न्यायचं. तेवढ्यानं पण पुरलं नाही की कंबर त्या बाजूला खाली झुकते, मग दुसऱ्या बाजूला, मागून बघितलं तर कुल्ले डावीकडं उजवीकडं हलताना सरळ दिसतात. ही हालचाल रोखायला कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू आणि पाठीचा खालचा भाग राबतात, आणि बसायच्या जागी घासून साल निघते ते वेगळंच. हॅमस्ट्रिंगचं म्हणाल तर गुडघा जवळजवळ सरळ, वर हँडलला वाकून बसल्यामुळं कंबर वाकलेली, म्हणजे दोन्ही टोकांना ताण. म्हणून दुखणं गुडघ्याच्या मागं, दोन्ही बाजूंच्या त्या दोऱ्यांना येतं, नाहीतर पोटरीत गोळे येतात.

माप काढायचं कसं

लागणारं सामान म्हणजे जाडसर वही, मीटर टेप, पेन्सिल, एलन की, आणि मोबाईल धरायला घरातलं कुणीतरी. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं रहायचं, पायात वीतभर अंतर, वही उभी धरून पायांच्या मधे वर घट्ट सारायची, सीटवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करायची. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची आतली पायाची लांबी. तीनदा मोजा, वही तिरकी झाली की सेंटीमीटरभर चुकतंय. पँटच्या लेबलवरचा इंच वापरू नका, तो इथं कामाचा नाही.

आता दोन हिशेब आहेत. एक अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँडच्या नावानं चालतो, त्याच्या फ्रेंच कोच सिरिल गिमारकडून आलेला, लांबीला ०.८८३ नं गुणायचं, येईल ते अंतर क्रँक जिथं फ्रेममध्ये फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत. दुसरा हॅमली आणि थॉमस या संशोधकांचा १९६७ चा, लांबीच्या १०९ टक्के, पण तो पेडलपासून सीटपर्यंत, क्रँक सीटच्या दांड्याच्या रेषेत खाली असताना. दोन्ही हिशेब जवळपास एकाच जागी येतात, पण दोघांनाही तुमच्या पंजाची लांबी, शूजचा तळवा, मांडीचा मागचा भाग किती आखडलाय हे काही माहीत नाही. म्हणून त्यांना सुरुवातीची जागा समजायचं, शेवटची नाही.

शेवटची जागा गुडघ्याचा कोन ठरवतो. पेडल तळाला असताना गुडघा पूर्ण सरळ पासून २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. हे थांबून मोजलं तर. चालू पेडलिंगचा व्हिडिओ काढून मोजलं तर तोच कोन थोडा जास्त येतो, साधारण ३० ते ४०, कारण पेडल फिरताना टाच सहसा थोडी वर उचललेली असते. व्हिडिओ बाजूनं काढायचा, मोबाईल गुडघ्याच्या उंचीला, सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवर चालवायच्या स्टँडवर असली तर उत्तम, नाहीतर सपाट रस्त्यावर. मांडीच्या हाडाचा वरच्या टोकाला बाहेरून लागणारा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं बाहेरचं हाड, या तीन ठिकाणी पांढरी टिकली चिकटवा म्हणजे फोटोवर रेषा मारता येतात. आणि हो, शूज तेच घाला जे रोज घालता, पंजाचा चवडा पेडलवर ठेवा. पायाचा मधला भाग पेडलवर ठेवून चालवायची सवय असली तर पाय आखूड झाल्यासारखा होतो, चवड्यावर मोजलेली सीट मग वर वाटते.

निपाणीच्या भावाची सीट

आमचा मावसभाऊ निपाणीला असतो, गिअरची रोड सायकल, तवंदी घाटाच्या चढाला उजव्या गुडघ्यात वाटीच्या खाली दुखतंय म्हणून फोन केलेला. "दादा, बैठका मारून मारून मांडी भरली, दुखायचं काय थांबेना." बैठका हा वाकलेल्या गुडघ्यावर भार, आणि सायकलवर पण तेच चाललेलं, दुखणार नाही तर काय.

त्याची आतली लांबी निघाली ८० सेंमी. पहिल्या हिशेबानं ८० गुणिले ०.८८३, म्हणजे ७०.६. दुसऱ्यानं ८७.२, त्यातून १७ सेंमीचा क्रँक वजा, म्हणजे ७०.२. सीट होती ६६ वर. व्हिडिओत तळाला गुडघा ५१ अंश वाकलेला, आणि वर बाराला १२० च्या आसपास घडी. पुढं दुखायचं कारण समोर दिसत होतं.

एका झटक्यात चार सेंटीमीटर वर करायचं नाही, हे ठासून सांगतो. पाच मिलिमीटर वर केली की गुडघ्याचा कोन साधारण दोन अंश सरळ होतो, ऐकायला किरकोळ, पण तासाला हजारो पेडल मारताना हॅमस्ट्रिंग आणि पोटरीला ती लांबी नवीन असते. त्याची सीट फारच खाली होती म्हणून पहिल्यांदा एक सेंमी वर केली, त्याच्या पुढं अर्धा अर्धा सेंमी, प्रत्येक वेळी दोन-तीन हलक्या राईड झाल्या, कुठं नवीन दुखत नाही बघितलं, मग पुढची. ७०.५ ला गेल्यावर मागून काढलेल्या व्हिडिओत कंबर हलताना दिसायला लागली आणि तो स्वतः म्हणाला की तळाला पेडल शोधावं लागतंय. ही खूण एकदम पक्की आहे. तिथून खाली आणत ६९.७ ला थांबलो, कंबर शांत, चालत्या व्हिडिओत कोन ३८. हिशेबापेक्षा अर्धा ते एक सेंमी कमी, कारण गडी उभं राहून वाकला तर हात नडगीच्या मध्याच्या खाली जात नाहीत, मांडीचा मागचा भाग आखडलेला आहे. तसल्या माणसाला हिशेबाची सीट वरच पडणार.

एक गोष्ट बरेच मेकॅनिक पण सांगत नाहीत. सीटचा दांडा तिरका असतोय, त्यामुळं सीट वर केली की ती मागं पण जाते. भावाच्या सायकलला ३.७ सेंमी वर केल्यावर सीट जवळजवळ एक सेंमी मागं गेली होती. हँडल लांब वाटायला लागलं, आणि तीन वाजता गुडघा पेडलच्या मागं पडायला लागला. म्हणून सीटखालच्या रेलवर ती एक सेंमी पुढं घेतली, टोक आडवं आहे का बघितलं, आणि पुन्हा उंची मोजली कारण पुढं सरकवल्यावर ती मिलिमीटरनं बदलते.

पहिल्या काही राईडला त्याला कुल्ल्यात आणि मांडीच्या मागं थोडं जड वाटलं, ते चालतंय, जे इतके दिवस बसून होते ते कामाला लागले. वाटीखालचं दुखणं हळूहळू कमी झालं, पण सगळं श्रेय सीटला देऊ नका, त्याला घाटात गिअर पण हलका करायला लावला. मोठ्या गिअरवर मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी रेटत चढला तर सीट कितीही बरोबर असू दे, प्रत्येक दाबाला गुडघ्यावर भार जास्तच येणार. तेच पंच्याहत्तर-ऐंशी फेऱ्यांनी चढा, प्रत्येक दाब हलका होतो.

दुखतंय कुठं त्यावरून

गुडघ्याच्या पुढं दुखत असेल तर आधी सीट खाली आहे का बघा, मग ती फार पुढं आहे का, मग गिअर. मागं दुखत असेल तर सीट वर किंवा फार मागं. बाहेरच्या बाजूला घासल्यासारखं, टोचल्यासारखं दुखत असेल तर सीट वर असणं हे एक कारण असू शकतं, पण क्लीट तिरकी लागली असली तरी तसंच होतंय, त्यामुळं नुसती सीट खाली करून थांबू नका. आणि गुडघा सुजलाय, अडकतोय, सायकल न चालवता रात्री पण दुखतोय, नाहीतर एकच पोटरी सुजून गरम लागतीय, तर एलन की बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, हे सीटचं काम नाही.

पाना लावताना

सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. ती रेघ दिसली तरी सीट खालीच वाटत असेल तर फ्रेम तुमच्या मापाची नाही, लांब दांडा बसवून घ्या पण रेघेच्या वर जाऊ नका, दांडा नाहीतर फ्रेम तिथंच फुटते. खानापूर-कणकुंबी बाजूच्या पावसात चालवणाऱ्यांनी वर्षातून दोनदा तरी दांडा पूर्ण बाहेर काढून पुसून ग्रीस लावायचं, नाहीतर लाल माती आणि पाणी आत जाऊन तो असा धरतो की मग माप काढून पण उपयोग नाही. कार्बनचा दांडा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते, आणि बोल्ट लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आवळायचा नाही. माप पक्कं झालं की दांडा फ्रेममध्ये शिरतो तिथं इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून ठेवा. सर्व्हिसिंगला सायकल टाकली की पहिलं सीट खाली करतात, आणि बोल्ट ढिला असला तर खड्ड्याखड्ड्यानं दांडा हळूच खाली पण सरकतो. टेप आणि फ्रेम यांच्यात फट पडली, नाहीतर टेप आत दबली, की सीट हलली म्हणून समजा.